दहावीच्या पालकसभेतील भाषण: ताण कुठपर्यंत साथ देतो आणि कुठून गुण खाऊ लागतो

सराव परीक्षेचा निकाल लागल्यानंतर आणि बोर्डाचे प्रवेशपत्र हातात पडण्याच्या सुमारास बहुतेक शाळांमध्ये दहावीच्या पालकांची सभा होते. त्या सभेत वर्गशिक्षकांनी "मुलांवर दडपण आणू नका" असे सांगण्याची पद्धत आहे. पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन काल जे बोलत होते तेच आजही बोलतात. यात त्यांचा हट्ट नसतो. आपण दडपण आणतो आहोत असे कोणत्याही पालकाला वाटत नाही. आपण आठवण करून देतो, काळजी घेतो, एवढेच त्याला वाटते. शिवाय थोड्या धाकाशिवाय मूल पुस्तक उघडत नाही, हा त्याचा अनुभवही खोटा नसतो. म्हणून "ताण वाईट" हे वाक्य घेऊन उभे राहिलेल्या शिक्षकाचे भाषण पहिल्या पाच मिनिटांतच संपल्यासारखे असते.

या लेखात अशा भाषणाची वेगळी मांडणी दिली आहे. तिचा गाभा एवढाच आहे की ताणाने सगळे गुण सारखे जात नाहीत. सोपे, सरावाचे काम बऱ्याच ताणातही टिकते. अनेक पायऱ्यांचे, विचार करायला लावणारे काम त्यापेक्षा खूप आधी ढासळते. हा फरक उत्तरपत्रिकेत दिसतो, पालकाला दाखवता येतो आणि आपले मूल नेमके कुठे आहे हे त्यावरून ठरवता येते. उदाहरणासाठी महाराष्ट्र राज्य मंडळाची गणित भाग १, म्हणजे बीजगणिताची, ४० गुणांची आणि दोन तासांची प्रश्नपत्रिका घेतली आहे, कारण तिच्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणारी चढण स्पष्ट आहे.

सभेपूर्वीची तयारी

या भाषणाचे निम्मे यश सभेच्या आधीच्या आठवड्यात ठरते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या दोन उत्तरपत्रिका हाताशी असाव्यात. एक सराव परीक्षेची, म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये, बैठक क्रमांक टाकून, पर्यवेक्षकासमोर लिहिलेली. दुसरी त्याच आराखड्याची, पण वर्गात किंवा घरी, निकालाशी संबंध नसताना, घड्याळ लावून आणि पुस्तक मिटून सोडवलेली. या शेवटच्या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पुस्तक शेजारी उघडे ठेवून, मध्ये उठून पाणी पिऊन, तीन तासांत सोडवलेल्या पेपरशी सराव परीक्षेची तुलना केली तर सगळाच फरक ताणाच्या नावावर जमा होतो आणि तो निष्कर्ष चुकीचा असतो.

दोन्ही उत्तरपत्रिकांतील गुण एकूण बेरजेने पाहू नयेत, तर प्रश्नवार मांडावेत. बीजगणिताच्या आराखड्यात पहिला प्रश्न ८ गुणांचा असून त्यात बहुपर्यायी आणि एका गुणाचे प्रश्न असतात. दुसरा १२ गुणांचा आणि तिसरा ९ गुणांचा असून त्यांत कृती पूर्ण करणे आणि उदाहरणे सोडवणे असते. चौथ्या प्रश्नात चार गुणांची दोन मोठी उदाहरणे आणि पाचव्यात तीन गुणांचे एक विचारप्रवर्तक उदाहरण असते. एका छोट्या चिठ्ठीवर पाच ओळी आणि दोन रकाने आखून हे गुण लिहिले की प्रत्येक पालकाच्या हातात त्याच्या मुलाची चिठ्ठी देता येते. ही चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी. सभेत गुण मोठ्याने वाचून दाखवणे हे स्वतःच एक दडपण आहे आणि आपण ज्याविरुद्ध बोलणार आहोत तेच आपण करू नये.

सभा संध्याकाळी किंवा रविवारी ठेवावी, म्हणजे मजुरी किंवा दुकान बुडवून कोणाला यावे लागणार नाही. भाषण पंचवीस मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि उरलेला वेळ चिठ्ठ्या समजावून घेण्यासाठी मोकळा ठेवावा. विद्यार्थ्यांना या सभेत बसवू नये. मुलांसमोर पालक खरे प्रश्न विचारत नाहीत, आणि विचारलेच तर त्यातून मुलांची शोभा होते.

पहिली पायरी: पालकाचा अनुभव मान्य करणे

सुरुवात पालकाला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावी. साधारण अशा शब्दांत बोलता येईल: "पालकहो, परीक्षा जवळ आल्याशिवाय मुले अभ्यासाला बसत नाहीत, हे तुम्हीही पाहिले आहे आणि मीही पाहतो. थोडी भीती, थोडी घाई यांनी माणूस जागा होतो. म्हणून ताण नकोच असे मी म्हणणार नाही. मला आज एवढेच दाखवायचे आहे की तो किती चालतो आणि कोणत्या कामाला किती चालतो."

यानंतर फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेषा काढावी. आडव्या रेषेखाली "ताण, उत्तेजना" आणि उभ्या रेषेजवळ "काम किती चांगले होते" असे लिहावे. मग दोन वक्र काढावेत. पहिला सोप्या कामाचा: तो बराच वेळ वर चढत जातो आणि उजवीकडे लांबवर टिकून राहतो. दुसरा अवघड कामाचा: तोही चढतो, पण त्याचा माथा डावीकडेच येतो आणि तिथून तो झपाट्याने उतरतो. बहुतेक ठिकाणी घंटेच्या आकाराचा एकच वक्र काढला जातो. त्याने दिशाभूल होते, कारण सगळ्या कामांसाठी ताणाची एकच योग्य मात्रा असावी असे त्यातून वाटते. दोन वक्र शेजारी काढले की मधला भाग बोलका होतो: तिथे सोपे काम अजून उत्तम चाललेले असते आणि अवघड काम मात्र उतरणीला लागलेले असते.

या चित्रामागची कथा पालकांना दोन मिनिटांत सांगता येते. १९०८ साली रॉबर्ट यर्किस आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी यांतला फरक ओळखायला शिकवले. चुकीच्या पेटीत शिरले की विजेचा झटका बसे. दोन पेट्यांच्या उजेडातला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोराचा, तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड केले तेव्हा मात्र मध्यम झटक्याने शिकणे लवकर झाले आणि जोराच्या झटक्याने लांबले. हे सांगताना शिक्षकाने आपली मर्यादा ओळखावी. तो प्रयोग उंदरांवरचा, शिक्षेच्या तीव्रतेवरचा आणि शिकण्याच्या वेगावरचा होता. दोन तासांच्या लेखी परीक्षेवरचा नव्हता. मेंदूची उत्तेजना आणि कामगिरी यांचा घंटेच्या आकाराचा संबंध ही मांडणी नंतरची, १९५५ साली डोनाल्ड हेब यांनी केलेली आहे. फळ्यावरच्या रेषेवर आकडे घालता येत नाहीत आणि "साठ टक्के ताण योग्य" अशी विधाने कोणी केली तर ती मनाची समजावीत. हे चित्र कोणत्या दिशेने पाहायचे एवढेच सांगते. उत्तर मुलाच्या उत्तरपत्रिकेतच शोधावे लागते.

दुसरी पायरी: डोक्यात नेमके काय होते, हे एका उदाहरणाने दाखवणे

भाषणाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि इथे घाई करू नये. फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. पहिला एका गुणाचा: x² + 5x − 1800 = 0 या समीकरणात a, b आणि c यांच्या किमती सांगा. दुसरा चार गुणांचा: एक रेल्वेगाडी एकसमान वेगाने ३६० किलोमीटर अंतर जाते, तिचा वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर तेच अंतर जाण्यास १ तास कमी लागला असता, तर गाडीचा वेग काढा.

मग पालकांना सांगावे की दोन्ही प्रश्नांत समीकरण एकच आहे. पहिल्यात ते छापून दिलेले असते आणि नजर टाकली की उत्तर येते. दुसऱ्यात ते मुलाला स्वतः उभे करावे लागते. वेग x मानायचा, तर लागणारा वेळ 360/x, वाढलेल्या वेगाने लागणारा वेळ 360/(x+5). यांतला मोठा कोणता, कोणातून कोण वजा करायचे हे ठरवायचे, मग 360/x − 360/(x+5) = 1 असे लिहायचे. छेद काढून टाकले की x² + 5x − 1800 = 0 हाती येते. त्याचे अवयव (x + 45)(x − 40) असे पाडायचे, वेग ऋण असू शकत नाही म्हणून −45 सोडून द्यायचे आणि ताशी ४० किलोमीटर हे उत्तर लिहायचे. शेवटी ताळाही पाहायचा: ताशी ४० ने ९ तास, ताशी ४५ ने ८ तास, फरक १ तासाचा.

हे सगळे होत असताना मुलाने तीन-चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवलेल्या असतात: x म्हणजे काय मानले, कोणता वेळ मोठा, आत्ता कोणत्या पायरीवर आहोत आणि शेवटी काय काढायचे आहे. मनाच्या या भागाला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती फार लहान असते. स्वयंपाकघरातल्या अरुंद ओट्यावर एकाच वेळी जेवढी भांडी मावतात तेवढीच तिची जागा. "नापास झालो तर", "बाबा काय म्हणतील", "बाजूचा पुरवणी मागतोय, माझे अजून पहिलेच पान" हे विचारही त्याच ओट्यावर येऊन बसतात. a, b, c सांगायला ओटा लागत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाचा गुण मिळतो. रेल्वेच्या उदाहरणात मात्र एखादे भांडे खाली पडते: मोठ्या वेळेतून छोटा वजा करण्याऐवजी उलटे होते, किंवा x काय मानला हेच मूल विसरते आणि ४५ उत्तर लिहून मोकळे होते.

इथे पालकांना हमखास धक्का देणारी एक गोष्ट सांगावी. शिकागो विद्यापीठात सायन बेलॉक यांनी दडपणाखाली गणित सोडवण्यावर बरेच काम केले. त्यात असे आढळले की ज्यांची कार्यकारी स्मृती मोठी, म्हणजे ज्यांना आपण हुशार म्हणतो, त्यांचीच कामगिरी अवघड उदाहरणांत दडपणामुळे जास्त घसरली. कारण एरवी ते ज्या ताकदीवर पुढे असतात, तीच दडपणात अडकून पडते. "आमचा मुलगा हुशार आहे, त्याला कसले आले टेन्शन" असे म्हणणाऱ्या पालकाने हे विशेष लक्ष देऊन ऐकायला हवे.

तिसरी पायरी: चिठ्ठी वाचायला शिकवणे

आता पाकिटे उघडायला सांगावीत आणि त्याआधी एक नमुना फळ्यावर सोडवून दाखवावा. समजा, एका विद्यार्थिनीला घड्याळ लावून केलेल्या सरावात पहिल्या प्रश्नात ८, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ८, चौथ्यात ७ आणि पाचव्यात २ असे ३६ गुण मिळाले. सराव परीक्षेत तिला अनुक्रमे ८, १०, ५, २ आणि ० असे २५ गुण मिळाले. घरी हा आकडा कळतो तेव्हा बोलणे सहसा "अकरा गुण कुठे घालवलेस, अभ्यास कमी पडतोय" असे होते. पण चिठ्ठी वेगळे सांगते. पहिल्या प्रश्नात एकही गुण गेलेला नाही, दुसऱ्यात एकच गेला आहे आणि शेवटच्या तीन प्रश्नांत मिळून दहा गेले आहेत. म्हणजे तिला विषय येतो, तिचे अवघड काम उतरणीला लागले आहे. अशा मुलीला आणखी दोन तास अभ्यासाला बसवणे आणि रोज आठवण करून देणे म्हणजे तिला फळ्यावरच्या वक्रावर आणखी उजवीकडे ढकलणे होय.

दुसरा विद्यार्थी घ्यावा, ज्याला सरावात २२ आणि परीक्षेत २० गुण आहेत आणि दोन्ही वेळा पहिल्या दोन प्रश्नांतही चार-पाच गुण गेले आहेत. त्याचा त्रास ताणाचा नाही. त्याला सूत्रे आणि मूळ पद्धती पक्क्या नाहीत, किंवा परीक्षा अजून दूर आहे असे वाटून तो बसतच नाही. तो माथ्याच्या डाव्या बाजूला आहे आणि त्याच्या घरी "जाऊ दे, टेन्शन घेऊ नकोस" असे म्हटले तर त्याचे नुकसानच होईल. एकाच सभेत बसलेल्या दोन पालकांना परस्परविरुद्ध सल्ला द्यावा लागतो, आणि सगळ्यांना एकच उपदेश करणारी भाषणे फसतात ती इथेच.

शेवटचे प्रश्न कोरे असण्याचे कारण नेहमी ताण नसते. वेळ कमी पडणे हेही असते. हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. सराव परीक्षेत चुकलेले मोठे उदाहरण दोन-तीन दिवसांनी त्याच विद्यार्थ्याला शिक्षक-खोलीत शांतपणे बसवून, गुण न देता, दहा मिनिटांत सोडवायला द्यावे. सुटले तर ज्ञान आहे. मग उत्तरपत्रिका पुन्हा पाहावी. खाडाखोड, एकच उदाहरण दोनदा सुरू करून सोडलेले, प्रश्नातला आकडा चुकीचा उतरवलेला, चिन्ह बदललेले, असे काही दिसले तर ताणाचा संशय बळावतो. सगळे नीटनेटके असून फक्त शेवट राहिला असेल तर वेळेचे नियोजन सुधारायला हवे. दहा मिनिटांतही सुटले नाही तर ते प्रकरणच आलेले नाही, आणि ती जबाबदारी आधी आपली, शिक्षकांची आहे. सभेपूर्वी सगळ्यांची अशी तपासणी होत नाही. ज्यांच्या दोन रकान्यांत मोठी तफावत आहे अशा मुलांची केली तरी पुरते.

चौथी पायरी: घरात काय बदलायचे

माथ्याच्या उजव्या बाजूला गेलेल्या मुलाच्या पालकांना एक भेद समजावून द्यावा. परीक्षेच्या ताणाचे दोन भाग असतात. एक शरीराचा: छाती धडधडणे, हात गार पडणे, पोटात गोळा येणे. दुसरा मनातल्या काळजीचा: काय होईल, लोक काय म्हणतील. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी हे दोन भाग वेगळे केले, आणि तेव्हापासून वारंवार असे दिसले आहे की गुण कमी होण्याचा संबंध धडधडीपेक्षा काळजीशी जास्त असतो. म्हणून मुलाने "आई, छातीत धडधडतंय" म्हटले तर "घाबरू नकोस, शांत हो" हे उत्तर उपयोगी पडत नाही. शांत होता येत नाही हीच त्याची नवी काळजी होते. "धडधडणारच. अंग कामाला तयार होतंय, असंच होतं" एवढे म्हटले की लक्षण तेच राहते, पण त्याचा अर्थ बदलतो.

काळजी वाढवणारी वाक्ये बहुधा परिणामांबद्दलची असतात. क्लासला भरलेले पैसे, मावसभावाचे टक्के, "सायन्सला ॲडमिशन मिळाली नाही तर बघ", आणि दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर जाहीर केलेले नव्वद टक्क्यांचे ध्येय. यांपैकी एकही वाक्य रेल्वेचे उदाहरण कसे सोडवावे हे सांगत नाही. प्रत्येक वाक्य ओट्यावरची जागा मात्र घेते. त्यांच्याऐवजी कामाबद्दल बोलता येते. "आज कोणते दोन पेपर सोडवायचे ठरले आहे?" "कालच्या पेपरातले कोणते उदाहरण अडले? उद्या सरांना विचारशील का?" हे बोलणेही आठवण करून देणारेच आहे, पण ते आजच्या, हातात असलेल्या गोष्टीबद्दल आहे.

निकालाच्या भीतीला थोडी वस्तुस्थिती सांगूनही उतार पडतो. दहावीत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण लागतात. अनुत्तीर्ण झाल्यास पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. कमी गुण मिळालेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. ही माहिती पालकांनाच नीट ठाऊक नसते, मग ती मुलांपर्यंत कशी जाणार? "वर्ष वाया जाईल" ही धमकी किती घरांत कारण नसताना दिली जाते हे सभेत हात वर करायला सांगितले तरी कळेल. मी मात्र हात वर करायला सांगू नये असेच म्हणेन.

डाव्या बाजूच्या मुलासाठी उपाय वेगळा, पण तोही भीतीचा नाही. त्याला परीक्षा जवळ आहे असे जाणवू द्यायचे असते. रोज सकाळी अकरा वाजता, म्हणजे पेपर सुरू होण्याच्याच वेळी, टेबल-खुर्चीवर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दोन तासांचा एक पेपर सोडवायचा आणि तो त्याच संध्याकाळी आदर्श उत्तराशी ताडून पाहायचा. शाळा सुरू असेल त्या दिवशी हे संध्याकाळी करावे, पण घड्याळ मात्र लावावेच. नजरेसमोरची अंतिम वेळ माणसाला जागे करते आणि त्यासाठी कोणाचे नाव घेऊन तुलना करावी लागत नाही.

झोपेबद्दल एकच गोष्ट सांगावी, पण ठामपणे. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेले दुसऱ्या दिवशी आठवले तरी अनेक पायऱ्यांचे उदाहरण सोडवण्याची क्षमता घटलेली असते. जागरणासाठी दिलेला कडक चहा-कॉफीचा तिसरा कप आधीच धडधडणाऱ्या मुलाला आणखी उजवीकडे नेतो.

पाचवी पायरी: पेपरच्या दिवसाची सकाळ आणि दुपार

पालकांना हा भाग लिहून घ्यायला सांगावा, कारण तो तसाच्या तसा वापरता येतो. अकराच्या पेपरसाठी साडेदहापर्यंत केंद्रात पोहोचायचे असते. केंद्र कुठे आहे, बस किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी जाऊन पाहून यावे. रस्त्यातला उशीर मुलाच्या डोक्यात पहिली पंधरा मिनिटे रेंगाळतो. प्रवेशपत्र, दोन पेन, पट्टी आणि कंपास रात्रीच पिशवीत भरावे. सकाळी नवे उदाहरण काढू नये. ते अडले तर दुपारपर्यंत मन तिथेच राहते. केंद्राच्या फाटकाशी पोहोचल्यावर "नीट वाच, घाई करू नकोस, विसरू नकोस" अशी सूचनांची यादी नको. "मी एक वाजता इथेच उभा आहे" हे पुरते.

आतले काम मुलाचे असले तरी पालकांना माहीत असावे, म्हणजे घरच्या सरावात ते करून घेता येईल. आधी पहिला प्रश्न पूर्ण करावा, कारण तो ताणातही सुटतो आणि हात चालू लागतो. मोठ्या उदाहरणात मनात धरायच्या गोष्टी कागदावर उतरवाव्यात: "वेग = x, पहिला वेळ मोठा, काढायचे: वेग" अशा दोन ओळी लिहिल्या की ओट्यावरची जागा मोकळी होते. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोनच सोडवायची असतात, म्हणून तिन्ही वाचून मगच निवड करावी. काहीच सुचत नसेल तर पेन खाली ठेवून चार-पाच वेळा श्वास सावकाश, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावून सोडावा आणि मग एखाद्या सोप्या प्रश्नाकडे वळावे. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देते. ती ताळा पाहण्यासाठी राखून ठेवण्याची सवय सरावातच लावावी.

ज्यांची काळजी फार आहे त्यांच्यासाठी एक उपाय सराव परीक्षेत करून पाहण्यासारखा आहे. पेपरआधी दहा मिनिटे, मनात ज्या काळज्या आहेत त्या कागदावर लिहून काढायच्या आणि तो कागद कोणालाही दाखवायचा नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामिरेझ आणि बेलॉक यांच्या अभ्यासात परीक्षेला घाबरणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्यांना याचा फायदा झाला. तो सगळ्यांनाच होतो असे नाही, म्हणून बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदाच प्रयोग करू नये.

पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका हातात घेऊन "याचे काय लिहिलेस?" हे विचारणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्या वेळी सापडलेली चूक दुरुस्त करता येत नाही, पण भाग २ च्या पेपरला ती मुलाबरोबर परीक्षा हॉलमध्ये येते. प्रश्नपत्रिका घडी घालून ठेवावी आणि शेवटचा पेपर झाल्यावर काढावी.

भाषणाच्या पलीकडचे

काही मुलांचा त्रास गुणांपुरता नसतो. अनेक दिवस झोप न लागणे, जेवण सुटणे, रोज सकाळी उलट्या होणे, मित्रांशी बोलणे बंद करणे, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्ये ऐकू येणे, यावर वक्र आणि चिठ्ठी यांचे काही काम नाही. सभेत ही लक्षणे सांगावीत आणि असे काही आढळल्यास सभेनंतर एकट्याने भेटण्यास सांगावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे मुलाला सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. मुलाला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते; हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात सभा संपेपर्यंत लिहून ठेवावा.

शेवटी येणारा प्रश्न ठरलेला असतो: "सर, मग अभ्यास कर असं म्हणायचंच नाही का?" उत्तर चिठ्ठीवरच द्यावे. "ताई, तुमच्या मुलाच्या चिठ्ठीत पहिल्या दोन प्रश्नांतच सहा गुण गेले आहेत. तुम्ही म्हणायलाच हवे, आणि काय सोडवायचे ते मी लिहून देतो. यांच्या मुलीचे मात्र पहिले दोन प्रश्न भरलेले आहेत. तिला तसे म्हणू नका. चौथ्या प्रश्नाची उदाहरणे घड्याळ लावून सोडवू द्या आणि पाकीट घेऊन दहा दिवसांनी या." दहा दिवसांत आणखी एक पेपर परीक्षेच्या वातावरणात घ्यावा आणि चिठ्ठीवर तिसरा रकाना भरावा. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे गुण वर सरकले असतील तर घरातला बदल लागू पडतो आहे. पहिल्या प्रश्नाचेही गुण खाली आले असतील तर मूल दमले आहे किंवा ताण आणखी वाढला आहे, आणि त्या पालकांना परीक्षेपूर्वी पुन्हा एकदा बोलावून घ्यावे.